एकाच उमेदवाराला ३८, ३६ आणि २१ गुण. मुलाखतीची गुणपत्रिका नेमकी कशी करावी?

काळीमाती

राम राम मंडळी.

दारव्हा-दिग्रस पट्ट्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सोयाबीन आणि तूर घेतो. येत्या हंगामात खरेदी केंद्रावर एक पर्यवेक्षक ठेवायचा आहे. काम म्हणजे नमुना काढणे, ओलावा तपासणे, काट्यावर लक्ष ठेवणे, पावत्या फाडणे, संध्याकाळी माल आणि पावत्या जुळवणे, आणि मधल्या वेळात भांडणं मिटवणे.

परवा आठ जणांच्या मुलाखती झाल्या. परीक्षक तिघे. आमचे अध्यक्ष, सीए आणि एक निवृत्त कृषी अधिकारी, ज्यांना सगळे साहेबच म्हणतात. मी सचिव म्हणून कागद सांभाळायला बसलो होतो, गुण दिले नाहीत. गुणपत्रिका नेटवरून उतरवलेली होती. त्यात पाच रकाने: व्यक्तिमत्त्व, विषयाचे ज्ञान, संवादकौशल्य, आत्मविश्वास, एकूण योग्यता. प्रत्येकी दहा गुण, एकूण पन्नास. शेवटी शेऱ्याला एक ओळ.

उमेदवार ३: अध्यक्ष ३८, सीए ३६, साहेब २१. बेरीज ९५.
उमेदवार ६: अध्यक्ष ३७, सीए ३५, साहेब ४४. बेरीज ११६.

बेरजेत ६ पहिला आला आणि ३ पाचवा. पण अध्यक्ष आणि सीए या दोघांच्याही कागदावर ३ पहिला आणि ६ दुसरा आहे. शेरे वाचून काहीच उलगडत नाही. ३ बद्दल अध्यक्ष लिहितात "चांगला मुलगा", सीए लिहितात "ठीक", साहेब लिहितात "आत्मविश्वास कमी, भाषा अशुद्ध". ६ बद्दल "हुशार", "ठीक" आणि "घरचे वळण चांगले, छाप पडते".

अजून कोणाला पत्र दिलेलं नाही. संचालक मंडळापुढे नाव न्यायचं आहे आणि तिथे कोणी विचारलं की तिसऱ्याला का नाही, तर माझ्याजवळ दाखवायला काही नाही. कोणाचा आकडा धरायचा? आणि पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून कागदावर काय असावं?

वऱ्हाडी_ठेचा

काळीमाती भाऊ, एक पोरगा ठेवाचा तं इतका डोक्याले ताप काहून करून घेता? माणूस दारातून आत आला का समजते. आमच्या इकडचा एक जिनिंगवाला तं आधी हात पाहे, घट्टे हायेत का नाई. घट्टे असले का ठेवला. गुणपत्रिका गिणपत्रिका काही नाई. साहेबानं तीस वर्षं माणसं पाह्यली, त्यायचं ऐका अन् मोकळे व्हा.

बेरीजवजाबाकी

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. हा प्रश्न गणिताचा आहे आणि गणितानेच सुटतो. तीन परीक्षकांची मोजपट्टी वेगळी आहे, त्यामुळे सरळ बेरीज करणं चुकीचं. एक तर प्रत्येक परीक्षकाची सरासरी वजा करून त्याच्या गुणांच्या पसाऱ्याने भागा, किंवा त्याहून सोपं म्हणजे गुण सोडा आणि क्रमांक लावा. तिघांचे क्रमांक मिळवा, ज्याची बेरीज कमी तो पहिला. साहेबांचा प्रभाव आपोआप आटोक्यात येईल आणि ३ वर येईल.

स्पर्धा_परीक्षा_यात्री

धाग्याचा विषय मुलाखतीचे गुण आहे म्हणून इथेच विचारतो. पन्नासपैकी किती पडले तर निवड पक्की समजावी? माझी पुढच्या महिन्यात एका पतसंस्थेत मुलाखत आहे. आत्मविश्वासाला दहा गुण असतात हे आजच कळलं. तो कसा वाढवायचा?

काळीमाती

@बेरीजवजाबाकी सर, तुम्ही सांगितलं तसे क्रमांक लावले. साहेबांच्या कागदावर ३ सहावा आहे. म्हणजे ३ ची बेरीज १+१+६ = ८, आणि ६ ची २+२+१ = ५. तरीही ६ पहिलाच. ३ फक्त पाचव्यावरून दुसऱ्यावर आला.

@यात्री, भाऊ हा धागा मुलाखत घेणाऱ्यांचा आहे. शुभेच्छा.

निवृत्त_बाबू

मुळात मुलाखत घेताच कशी? केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून मुलाखती बंद केल्या आहेत. लेखी परीक्षा घ्या, गुण लावा, यादी लावा. वशिल्याला जागाच राहत नाही.

नोंदवही

बाबूजी, तो निर्णय केंद्राच्या गट क आणि गट ब अराजपत्रित पदांपुरता होता. वरच्या पदांना मुलाखती आजही आहेत, आणि खाजगी कंपनीला तो निर्णय लागू नाही. वशिल्याबद्दलचा तुमचा मुद्दा मात्र खोटा नाही. ज्या मुलाखतीत कोणी काय विचारलं आणि काय ऐकलं याचा मागमूस राहत नाही, तिथे वशिला आणि प्रामाणिक मत यांत फरकच करता येत नाही.

काळीमाती, मी नागपूरला बरीच वर्षं नोकरभरतीचं काम केलं, आता हिंगणघाटला असते आणि आसपासच्या संस्थांना मदत करते. तुमच्या कागदावर मला जे दिसतं ते सांगते.

साहेबांनी २१ दिले म्हणून ते चूक आणि बाकी दोघे बरोबर, असं समजू नका. अध्यक्षांनी आठही जणांना किती ते किती गुण दिले ते बघा. माझा अंदाज आहे की सगळे चार-पाच गुणांच्या आत असतील. सीएंचंही तेच. तसं असेल तर त्या दोघांनी निवड केलीच नाही. ३८ आणि ३७ यांतला एक गुण कशाचा, हे त्यांनाही सांगता येणार नाही, त्यामुळे सरांनी सुचवलेले क्रमांक त्या एका गुणाला उगाच वजन देतात. साहेबांनी निवड केली, पण कशावरून ते लिहिलं नाही. बेरीज करताना नेहमी ज्याचे गुण लांबवर पसरलेले असतात त्याचं चालतं. बाकी दोघे त्या दिवशी आले नसते तरी यादी जवळपास हीच लागली असती.

आता साहेबांच्या कागदावर ३ आणि ६ यांच्या पाचही रकान्यांतले आकडे इथे टाका. बेरीज नको, सुटे आकडे हवेत.

काळीमाती

अंदाज बरोबर आहे. अध्यक्ष ३४ ते ३८, सीए ३२ ते ३६. साहेब १५ ते ४४.

साहेबांचे सुटे आकडे: ३ ला ४, ५, ४, ४, ४. आणि ६ ला ९, ९, ९, ८, ९.

नोंदवही

हेच बघायचं होतं. माणसाचं ज्ञान, बोलणं आणि व्यक्तिमत्त्व ही खरंच वेगवेगळी मोजली असती तर कुठे तरी ९ शेजारी ५ दिसला असता. पाचही रकाने एकाच उंचीवर असले की समजावं, मत एकच होतं आणि ते पाचदा लिहिलं गेलं. दोष साहेबांचा कमी आणि कागदाचा जास्त. "व्यक्तिमत्त्व", "आत्मविश्वास" आणि "एकूण योग्यता" हे तिन्ही रकाने एकच विचारतात, की माणूस तुम्हाला आवडला का. पन्नासपैकी तीस गुण तिथेच गेले. ओलावा आणि हिशेब यांना रकानाच नाही.

तुमच्या केंद्रावर मागच्या हंगामात नेमकं काय काय बिघडलं ते सांगा. गुणपत्रिकेचे रकाने त्यातून निघतात.

काळीमाती

तीन गोष्टी लगेच आठवतात.

पहिली, ओलाव्याची भांडणं. सोयाबीनला १२ टक्क्यांची मर्यादा. शेतकरी म्हणतो व्यापाऱ्याकडे ११ दाखवला, आमचं मीटर १४ दाखवते. मागे गाड्यांची रांग. आधीचा मुलगा एक तर घाबरून माल घेऊन टाकायचा नाही तर सरळ परत पाठवायचा.

दुसरी, संध्याकाळी पावत्यांची बेरीज आणि गोदामातला माल जुळत नसे, आणि ते आम्हाला चार-सहा दिवसांनी कळायचं.

तिसरी, नंबर सोडून ओळखीच्या माणसाचे कट्टे आधी काट्यावर चढायचे. यात संचालकांचे भाऊबंदही आले, खोटं कशाला बोलू.

नोंदवही

मग तुमचे रकाने हे तीनच. प्रत्येकाला एक प्रसंग, सगळ्या उमेदवारांना त्याच शब्दांत आणि त्याच क्रमाने. गुण दहापैकी नको, पाचपैकी ठेवा. सहा आणि सात यांत काय फरक, हे कोणालाच लिहून दाखवता येत नाही. पाचांतही फक्त १, ३ आणि ५ चं वर्णन आधी लिहायचं, २ आणि ४ मधल्या जागा म्हणून मोकळ्या राहतात.

ओलाव्याचं मी लिहून दाखवते. बाकी दोन तुम्ही अध्यक्ष, सीए आणि साहेब यांना एकत्र बसवून लिहा, कारण लिहितानाच तिघांच्या डोक्यातला "चांगला पर्यवेक्षक" किती वेगळा आहे ते बाहेर येतं.

प्रश्न: "शेतकरी म्हणतो, दुसरीकडे ओलावा ११ आला. तुमचं मीटर १४ दाखवतं. मागे गाड्या उभ्या आहेत, लोक ओरडायला लागलेत. तुम्ही काय काय कराल, क्रमाने सांगा."

१ गुण: "समजावून सांगीन", "साहेबांना विचारीन" यापुढे जात नाही, किंवा भांडण नको म्हणून माल घेतो.
३ गुण: शेतकऱ्यासमोर पुन्हा मीटर लावतो, पण त्याच नमुन्याचं किंवा एकाच कट्ट्याचं. नोंद करत नाही.
५ गुण: गाडी बाजूला घेऊन रांग चालू ठेवतो, वेगवेगळ्या कट्ट्यांतून परखीने नमुना काढून एकत्र करतो, शेतकऱ्यासमोर एकाहून जास्त वेळा मीटर लावतो, सगळे आकडे वहीत लिहितो, आणि वाळवून परत आणायची वाट सांगतो.

यात आत्मविश्वास कुठेच नाही. चाचरत का होईना, हे सगळं सांगणाऱ्याला ५ मिळतात आणि छातीठोकपणे "समजावून सांगीन" म्हणणाऱ्याला १.

शेऱ्याबद्दल मी परीक्षकांना एकच कसोटी देते. मुलाखतीला नसलेल्या माणसाने तुमचा शेरा वाचला तर तो वर्णनाशी ताडून जवळपास तोच गुण देईल का? "ठीक" वाचून कोणालाच काही देता येत नाही. "चार-पाच कट्ट्यांतून परखी लावून मिसळीन म्हणाला. मीटर दोनदा, शेतकऱ्यासमोर. वहीत लिहिण्याचं आम्ही विचारल्यावर सांगितलं, आपणहून नाही" हे वाचून मी इथे बसून ४ देऊ शकते. शेवटचा भाग मुद्दाम लिहायचा, कारण विचारल्यावर आलेलं उत्तर आणि आपणहून आलेलं उत्तर सारखं नसतं. आणि एकाला आठवण करून देणारा प्रश्न विचारला की तोच सगळ्यांना विचारायचा, नाही तर आवडत्या उमेदवाराच्या तोंडून उत्तर काढून घेतलं जातं आणि दुसऱ्याला तसंच सोडून दिलं जातं.

आधी शेरा, मग गुण. उलट केलं की गुणाला शोभेल असा शेरा सुचतो. आणि एखादी गोष्ट विचारायची राहून गेली तर तिथे ३ टाकायचा नाही, रकाना रिकामा ठेवून "विचारलं नाही" लिहायचं. परीक्षक मधला आकडा बहुतेक वेळा माहिती नसते म्हणून टाकतात, आणि नंतर तो मोजून मापून दिलेल्या ३ सारखाच बेरजेत शिरतो.

बेरीजवजाबाकी

क्रमांकांचं माझं म्हणणं मागे घेतो असं नाही, पण तीन परीक्षक आणि आठ उमेदवार एवढ्या छोट्या आकडेवारीत ते फार काही सांगणार नाही हे मान्य. तरी एक विचारतो. एवढा खटाटोप करून निवड खरंच सुधारते याला काही आधार आहे का, की हेही मतच?

नोंदवही

आधार आहे, पण मोजून मापून घ्या. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर या दोघांनी आधीच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. ठरवून घेतलेल्या मुलाखतीतले गुण आणि पुढची कामगिरी यांचा मेळ, ० म्हणजे काहीच नाही आणि १ म्हणजे पूर्ण, त्यांना ०.५१ दिसला, मनाला येईल तशा मुलाखतीचा ०.३८. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तोच हिशेब नव्याने तपासला. त्यांच्या मते जुने आकडे फुगलेले होते. ठरवून घेतलेली मुलाखत ०.४२ वर आली आणि मनाला येईल तशी ०.१९ वर. म्हणजे दोन्ही खाली आल्या, पण त्यांच्यातलं अंतर वाढलं. ०.४२ म्हणजे सुद्धा खात्री नव्हे, चांगली गुणपत्रिका करूनही चुकीचा माणूस लागू शकतो. आणि यातलं काहीही दारव्ह्याच्या सोयाबीन केंद्रावर मोजलेलं नाही, हेही खरं.

पळसफूल

ताई, माझं सांगू का? वर्ध्याकडच्या एका संस्थेत मी क्षेत्र समन्वयक पदासाठी गेले होते. लेखीत पहिली होते. नाव आलं नाही. पुढे तिथल्याच एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं, माझ्या कागदावर शेरा होता "लहान मूल आहे, फिरतीला जमणार नाही". मला मुलाबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. सासूबाई घरी असतात आणि गाडी मी स्वतः चालवते, हे सांगायची संधीच मिळाली नाही. निवड झालेल्या मुलालाही दोन मुलं होती. अशा शेऱ्याला पुरावा म्हणायचं का?

नोंदवही

नाही. तो शेरा त्या परीक्षकाच्या डोक्यातला आहे, तुमच्या तोंडचा नाही. वरची कसोटी लावा, लगेच उघडा पडतो.

मात्र फिरती किंवा वेळ हा कामाचा खरा भाग असेल तर तो झाकूनही ठेवू नये. काळीमातीच्या केंद्रावर हंगामात रात्री उशिरापर्यंत तोलाई चालत असेल तर तो प्रश्न सगळ्यांना विचारा, बाप्याला आणि बाईला सारखाच: "हंगामात केंद्र रात्री नऊपर्यंत चालतं, सुट्टी आठवड्याला एक. तुम्ही कसं जमवाल?" आणि जे उत्तर येईल ते लिहा. घरी कोण आहे, लग्न कधी, हे विचारायचंच नाही.

तांडावस्ती

"भाषा अशुद्ध" या शेऱ्यावर कोणीच थांबलं नाही म्हणून लिहितो. काळीमाती, उमेदवार ३ तांड्यावरचा आहे का?

काळीमाती

हो. घरी गोरमाटी बोलतात. मराठी बोलताना थोडा अडखळतो, खरं आहे.

तांडावस्ती

वाटलंच. दिग्रस, दारव्हा, पुसद भागात किती तांडे आहेत ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्या केंद्रावर माल घेऊन येणाऱ्यांतले कितीतरी गोरमाटी बोलणारे. कपात कशाची झाली हे म्हाताऱ्या माणसाला त्याच्या भाषेत सांगणारा पोरगा मिळतोय आणि तुम्ही त्याच भाषेचे गुण कापताय. मी तर म्हणतो गोरमाटी येते याचे वेगळे पाच गुण द्या.

नोंदवही

पहिल्या भागाशी शंभर टक्के सहमत. दुसऱ्यात थोडी सावधगिरी हवी. "गोरमाटी येते" याला गुण दिले तर उद्या कोणी म्हणेल हे जातीचे गुण आहेत, आणि ते म्हणणं खोडता येणार नाही. त्यापेक्षा काम मोजा. समोर एका माणसाला शेतकरी म्हणून बसवा आणि उमेदवाराला सांगा, याला वजनातली कपात समजावून सांग, भाषा कोणतीही चालेल. मग त्या माणसाला विचारा, काय समजलं? त्याला परत सांगता आलं तर उमेदवाराचं काम झालं. मराठी बोलणाऱ्या उमेदवारालाही हीच परीक्षा.

वऱ्हाडी_ठेचा

हे बाकी पटलं. मीटर अन् दोन कट्टे खोलीतच ठेवा ना बाप्पा. तोंडानं "परखी लावीन" म्हणणारे लय असतात, परखी हातात देल्ली का कट्ट्याले कुठून लावाची तेच माहीत नसते.

नोंदवही

ठेचाभाऊंचं हे माझ्याही वरचं आहे. जे करून बघता येतं ते करूनच बघावं. अर्धा तास जास्त लागेल एवढंच.

काळीमाती, फेरमुलाखत घ्यायची असेल तर फक्त ३ आणि ६ ला बोलावू नका. आधीच्या यादीवर भरवसा नाही म्हणून तर परत घेताय. निदान वरच्या पाचांना बोलवा. प्रत्येक मुलाखतीनंतर पाच-सात मिनिटं कोणी काही बोलायचं नाही, तिघांनी आपापला कागद पुरा करायचा आणि तुमच्याकडे द्यायचा. सगळे कागद हाती आले की चर्चा. अध्यक्ष शेवटी बोलतील, कारण ते आधी बोलले की बाकीचे मान डोलवतात. ज्या रकान्यात दोन किंवा जास्त गुणांचं अंतर असेल तिथेच थांबायचं आणि दोघांनी आपापलं लिहिलेलं वाचून दाखवायचं. गुण बदलायला हरकत नाही, पण जुना आकडा खोडायचा नाही. बाजूला नवा लिहून कारण लिहायचं.

काळीमाती

अध्यक्षांना लिहिण्याचा कंटाळा आहे. खरं सांगायचं तर लिहिणं त्यांना जड जातं. माणूस मात्र शेतीतला पक्का.

नोंदवही

मग परीक्षक नसलेल्या कोणाला तरी त्यांच्याजवळ बसवा. मुलाखत संपली की बाजूला जाऊन ते सांगतील, तो त्यांच्याच शब्दांत लिहील. तुम्ही स्वतः नका लिहू, तुमचं मत त्यात नकळत उतरेल.

काळीमाती

फेरमुलाखत झाली. पाच बोलावले, चार आले. बाकी दोघांचं सोडा, ३ आणि ६ चं सांगतो, कारण ते सरळ सुटलं नाही.

ओलावा, प्रत्यक्ष करून: ६ ने परखी चार कट्ट्यांना लावली, नमुना मिसळला, मीटर तीनदा लावलं. सीए ४, साहेब ५, अध्यक्ष ३. उमेदवार ३ ने दोनच कट्टे घेतले, पण आकडे आपणहून लिहिले. सीए ३, साहेब ३, अध्यक्ष ३. म्हणजे साहेबांना ६ मध्ये काहीतरी दिसलं होतं ते खोटं नव्हतं. त्या दिवशी ते कागदावर आलं नाही एवढंच.

नंबर सोडून माल घेण्याच्या प्रश्नात दोघं जवळपास सारखे. कपात समजावण्यात ३ पुढे. म्हाताऱ्या काकांना त्याने गोरमाटीत सांगितलं आणि काकांनी मराठीत आम्हाला परत सांगितलं.

खरा वाद हिशेबावर झाला. प्रश्न असा होता: "पावत्यांची बेरीज ४१ क्विंटल ५० किलो, गोदामात भरला ४१ क्विंटल. रात्रीचे आठ वाजलेत. काय कराल?"

३ म्हणाला, पावत्यांना नंबर असतात, काट्याच्या वहीशी एकेक लावून पाहीन. सापडलं नाही तर तूट म्हणून लिहीन आणि त्याच रात्री सचिवांना फोन करीन. सीए ५, साहेब ४, अध्यक्ष ३.

६ म्हणाला, एका कट्ट्याचाच फरक आहे, घरून एक कट्टा आणून टाकीन, वाद कशाला. सीए १, साहेब ४, अध्यक्ष ३.

साहेबांच्या कागदावर शेरा: "तूट स्वतः भरून द्यायला तयार. जबाबदारी घेतो." सीएंच्या कागदावर: "घरचा कट्टा टाकून फरक मिटवणार. तूट आम्हाला कळणारच नाही." दोघांनी एकच वाक्य ऐकलं आणि जवळपास तसंच लिहिलं, आणि गुण १ आणि ४. आम्ही केलेल्या वर्णनात ही गोष्ट बसतच नव्हती. सीए म्हणाले, मागच्या हंगामात आपल्याला चार-सहा दिवसांनी कळायचं ते यामुळेच. साहेब बराच वेळ गप्प होते, मग ४ च्या बाजूला ३ लिहिला. कारण लिहिलं, "हेतू चांगला, पद्धत नको." त्याखाली यायला तयार नाहीत.

बेरीजवजाबाकी

तुमची पद्धत इथे हरली की जिंकली?

नोंदवही

हरण्याजिंकण्याचं काय त्यात. पहिल्या वेळी १७ गुणांचं अंतर होतं आणि कोणाला त्याचं कारण माहीत नव्हतं. आता दोन गुणांचं अंतर आहे आणि ते एका कट्ट्याबद्दल आहे हे सगळ्यांना माहीत आहे. संचालक मंडळाने ठरवावं की घरचा कट्टा टाकणं त्यांना चालतं का. माझ्या मते चालू नये. आज घरून आणून टाकणारा उद्या जास्तीचा कट्टा घरी नेऊ शकतो, आणि वही दोन्ही दिवशी जुळलेली दिसते. पण हा कंपनीने घ्यायचा निर्णय आहे, परीक्षकाने नव्हे.

एक करा. हिशेबाच्या रकान्यात ३ पेक्षा कमी आला तर बाकी गुण कितीही असले तरी घ्यायचं नाही, असा नियम करायचा असेल तर पुढच्या भरतीच्या आधी करा. आता नावं समोर असताना केलात तर तो ६ साठी केलेला नियम दिसेल.

वऱ्हाडी_ठेचा

अन् अध्यक्षानं सगळ्याइले सगळीकडे ३ देल्ले त्याचं काय? त्याहून तं मीच बरा, एक तं घेतो नाई तं सोडतो.

काळीमाती

हाहा. त्यांना विचारलं. म्हणाले, चारही पोरं गावातलीच आहेत, कोणाला कमी दिलं ते संध्याकाळपर्यंत तांड्यापर्यंत पोचते. यावर काय उपाय करायचा ते मला अजून सुचलेलं नाही.

नोंदवही

यावर कागदाचा उपाय नाही. काही ठिकाणी मी अध्यक्षांना परीक्षक न ठेवता शेतकऱ्याच्या खुर्चीत बसवलं आहे, म्हणजे उमेदवार कपात त्यांना समजावतो आणि काय समजलं ते ते सांगतात. गुण द्यावे लागत नाहीत आणि त्यांचं शेतीतलं ज्ञान कामी येतं. काही अध्यक्षांना हे पटतं, काहींना अपमान वाटतो.

पळसफूल

काळीमाती दादा, ज्यांना नाही घेतलं त्यांना तुम्ही काही सांगणार का? मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

काळीमाती

ताई, नोंदवहीताईंच्या कसोटीवर उतरलेले शेरे तरी सांगायला हरकत नाही असं वाटतं. "दोनच कट्ट्यांतून नमुना घेतला" हे उमेदवाराच्या तोंडावर सांगता येतं. "भाषा अशुद्ध" सांगताना मलाच लाज वाटली असती. साहेब मात्र म्हणतात काही कळवू नका, लोक वाद घालायला येतील. बैठक सोमवारी आहे. कागद सगळे जसेच्या तसे मंडळापुढे ठेवतोय, साहेबांच्या ४ आणि ३ सकट. आणि हिशेबाच्या वर्णनात १ खाली एक ओळ वाढवलीय: "तूट लपवतो, मग ती खिशातून भरून का असेना." ती ओळ साहेबांना अजून दाखवलेली नाही.